पीठ गिरणीच्या परवान्याचं नूतनीकरण: परत आलेला अर्ज आणि स्वीकारलेला अर्ज

25 फेब्रुवारी 2025, मंगळवार. दुपारी चारच्या सुमारास एक काकू माझ्या टेबलापाशी आल्या. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. गिरणी थोडा वेळ मुलावर सोपवून त्या थेट आल्या होत्या, पदराला पीठ तसंच होतं. हातातला अर्ज त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आठ दिवसांपूर्वी त्यांनी तो परवाना विभागाच्या खिडकीत दिला होता. तिथल्या मॅडमनी वाचून, नोंदवही चाळून तो परत केला. "तुमचा परवाना आमच्याकडे सापडत नाही," एवढंच सांगितलं. अर्जावर ना शिक्का, ना आवक क्रमांक.

त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून क्रमांक बदलले आहेत, बाकी घडलं तसं आहे.

भाच्याकडून लिहून घेतलेला तो अर्ज चारच ओळींचा होता: "मी गेली अनेक वर्षे पिठाची गिरणी चालवीत आहे. माझ्या परवान्याची मुदत लवकरच संपत आहे. माझा परवाना क्र. 20953 असा आहे. सोबत सर्व कागदपत्रे जोडली असून परवान्याचे नूतनीकरण करून मिळावे ही नम्र विनंती."

भाषेत काही चूक नाही. पण खिडकीपलीकडच्या माणसाच्या जागी बसून वाचलं, तर या अर्जावर काहीच करता येत नाही. नूतनीकरण म्हणजे नवी परवानगी मागणं नव्हे. दप्तरात आधीपासून एक नोंद आहे, ती आजही तशीच लागू आहे, म्हणून तिची मुदत वाढवा, एवढंच ते मागणं असतं. त्यामुळे लिपिक पहिल्यांदा ती जुनी नोंद शोधतो. नोंद मिळाली की आजचे कागद तिच्याशी ताडून पाहतो. जिथे जुळत नाही तिथे पेन्सिलीने खूण करतो. काकूंच्या अर्जात अशा तीन खुणा होणार होत्या, आणि काकू पहिल्याच खुणेवर अडकल्या होत्या.

मी विचारलं, "काकू, हा 20953 नंबर कुठून घेतला?"

"भिंतीवरच्या फ्रेममधून. तोच परवाना ना?"

फोनवर त्यांनी फ्रेमचा फोटो दाखवला. ती गुमास्त्याची नोंद होती, दुकाने व आस्थापना कायद्याखालची. आमच्या शहरात ते काम कामगार कार्यालयाचं, महापालिकेच्या परवाना विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. ही गल्लत दर हंगामात पाच-दहा जणांची होते, कारण फ्रेम करून लावलेला कागद बहुतेक वेळा गुमास्ताच असतो. 2017 च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर थोडेच कामगार असतील तर नोंदणीचं बंधन नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. तरी जुनी फ्रेम भिंतीवर राहते आणि तिच्यावरचा नंबर परवान्याचा म्हणून लिहिला जातो. फरक ओळखायचा तर कागदाच्या माथ्यावर कायद्याचं नाव वाचायचं. महापालिकेच्या व्यवसाय परवान्यावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असं असतं, आणि पीठ गिरणीसारख्या व्यवसायाला कलम 376 चा उल्लेख असतो. मुंबईत कायदाच वेगळा, 1888 चा. नगरपालिकांना 1965 चा. अन्नपदार्थांचा परवाना हे तिसरंच प्रकरण.

"महापालिकेचा कागद घरी असणार. मागच्या बाजूला शिक्के असतील, दर वर्षीचा एक."

"तो होय! तो ट्रंकेत आहे."

बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी. गुरुवारी सकाळी काकू कागद घेऊन आल्या. चार घड्या पडलेला, घडीवर विरलेला, पण लॅमिनेशन न केलेला. हे मुद्दाम सांगतो, कारण प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या परवान्यावर नूतनीकरणाचा शिक्का मारता येत नाही, आणि मग दुय्यम प्रतीचा खटाटोप करावा लागतो.

कागद उलगडला. परवाना क्रमांक 376/पी.गि./1184, दिनांक 12 जून 2009. व्यवसाय: पीठ गिरणी, विद्युत शक्तीवर. यंत्र: एक मोटर, 7.5 एच.पी. जागा: घर क्र. 412, तळमजला. मुदत 31 मार्च 2025 पर्यंत. आणि मागच्या बाजूला, शिक्क्यांच्या खाली, बारीक टाइपात एक ओळ: "नूतनीकरणाचा अर्ज दि. 1 मार्च 2025 पर्यंत सादर करावा."

या एका ओळीपायी मी काकूंना बसवून घेतलं. अधिनियमाच्या कलम 386 मध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, परवान्यावर मुदत लिहिलेली असते तशी नूतनीकरणाचा अर्ज कधीपर्यंत करायचा ती तारीखही लिहिलेली असली पाहिजे. दुसरी अशी की मुदत संपली की परवाना नाही असंच धरलं जातं. मात्र त्या नमूद तारखेपर्यंत अर्ज केलेला असेल, तर आदेश मिळेपर्यंत परवाना नूतनीकृत झाला आहे असं धरून व्यवसाय चालू ठेवण्याचा हक्क अर्जदाराला आहे. लोक 31 मार्च धरून चालतात. हा हक्क मात्र अर्जाच्या तारखेला जोडलेला आहे, मुदतीच्या तारखेला नाही. काकूंच्या कागदावर ती 1 मार्च होती, आणि 1 मार्चला शनिवार होता, कार्यालय बंद. म्हणजे हाती उरला तो गुरुवारचा दिवस आणि शुक्रवार. 31 मार्चची वाट पाहिली असती तरी भागलं नसतं: 29 ला शनिवार, 30 ला गुढीपाडवा, 31 ला रमजान ईद.

आठ दिवसांपूर्वी दिलेला अर्ज वेळेत होता, पण त्याचा पुरावा काय? पोच नव्हती. खिडकीतून तोंडी परत आलेला अर्ज कागदोपत्री झालेलाच नसतो. त्रुटी असली तरी अर्ज आवक करून घ्या आणि त्रुटी लेखी कळवा, असं म्हणता येतं. काकूंना ते माहीत नव्हतं, आणि भाच्यालाही नव्हतं.

पहिली अडचण ट्रंकेतल्या कागदाने सुटली. दुसरी होती पत्त्याची. परवान्यावर घर क्र. 412, तर काकूंच्या मालमत्ता कराच्या पावतीवर एक लांबलचक नवा मालमत्ता क्रमांक, 412 कुठेच नाही. मधल्या काळात फेरआकारणी होऊन क्रमांक बदलले होते. मागच्या वर्षीपर्यंत खिडकीत ओळखीचे जुने लिपिक होते, त्यांनी कधी विचारलं नाही. आता नव्या मॅडम. त्यांच्या दृष्टीने परवाना एका जागेचा आणि करपावती दुसऱ्या जागेची. परवाना माणसाला असतो तितकाच जागेला असतो, त्यामुळे ही शंका त्यांनी घेतलीच पाहिजे.

अशा वेळी बरेच जण अर्जात लिहून देतात की दोन्ही क्रमांक एकाच घराचे आहेत. ते अर्जदाराचं म्हणणं झालं, पुरावा नव्हे. पुरावा कर विभागातच असतो. मालमत्ता कर आकारणीच्या उताऱ्यावर नव्या क्रमांकासमोर जुना क्रमांक नोंदलेला असतो. काकूंना मी सरळ वरच्या मजल्यावर पाठवलं, उताऱ्याचा अर्ज आणि फी भरायला. शुक्रवारी सकाळी अकराला उतारा हातात आला. "जुना घर क्र. 412" हे शब्द त्यात होते. ती ओळ मी पेन्सिलीने हलकेच अधोरेखित केली, म्हणजे खिडकीत शोधावी लागणार नाही.

तिसरी गोष्ट मात्र नुसत्या कागदाने सुटणारी नव्हती.

महावितरणचं बिल पाहताना मंजूर भार 7.1 किलोवॅट दिसला. एक अश्वशक्ती म्हणजे 0.746 किलोवॅट. काकूंच्या 7.5 एच.पी.चे होतात साधारण 5.6 किलोवॅट. उरलेला दीड किलोवॅट म्हणजे जवळपास 2 एच.पी. मी कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे फिरवला.

"काकू, गिरणीत दुसरी मोटर आहे का?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "डंक आहे. मिरची-मसाल्याचा. दोन वर्षं झाली. लाइटवाल्यांकडून रीतसर भार वाढवून घेतला, तेव्हा वाटलं झालं सगळं."

वीज कंपनीची मंजुरी आणि महापालिकेचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्यावर यंत्र आणि त्याची शक्ती लिहिलेली असते, आणि शुल्कही बऱ्याच ठिकाणी त्यावरच बेतलेलं असतं. नवं यंत्र बसवलं की ते परवान्यात समाविष्ट करून घ्यावं लागतं. ते काम नूतनीकरणात बसत नाही, त्याला वेगळा अर्ज लागतो. परवानाधारक वारल्यावर वारसाच्या नावे करणं, जागा बदलणं, धंद्याचा प्रकार बदलणं या गोष्टीही तशाच. "नूतनीकरण" या शब्दाखाली त्या सरकवल्या की अख्खा अर्ज अडकतो.

मागे उभ्या असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलं, "तीन वर्षांपूर्वीचं बिल लावा की, त्यावर जुनाच भार असेल." मी नाही म्हटलं, आणि कारण काकूंना नीट समजावलं. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना आयुक्त निलंबित किंवा रद्द करू शकतात, हेही त्याच कलम 386 मध्ये आहे. निरीक्षक जागेवर येतो तेव्हा डंक झाकता येत नाही. त्याचा आवाज आणि मिरचीचा खाट कोपऱ्यापर्यंत येतो. आज डंकाची चूक कबूल केली तर फरकाचं शुल्क भरून विषय मिटेल. लपवली, तर सोळा वर्षं चाललेली गिरणीही पणाला लागेल. आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर काकूंच्या हाती एकही खरा कागद राहणार नाही.

काकूंचा जीव डंकात अडकला होता, ते समजत होतं. मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम. वर्षभराच्या दळणातून जेवढे सुटत नाहीत तेवढे पैसे या तीन महिन्यांत येतात. यंत्र परवान्यात येईपर्यंत डंक बंद ठेवावा लागेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. थोडा वेळ त्या हातातल्या बिलाच्या घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा खरं तेच."

28 फेब्रुवारीला दिलेला अर्ज असा होता:

प्रति,
मा. परवाना अधीक्षक,
परवाना विभाग, प्रभाग कार्यालय.

दिनांक : 28/02/2025

विषय : पीठ गिरणी व्यवसाय परवाना क्र. 376/पी.गि./1184 (मुदत 31/03/2025) याचे सन 2025-26 साठी नूतनीकरण मिळणेबाबत.

संदर्भ : 1) मूळ परवाना दि. 12/06/2009.
2) अखेरचे नूतनीकरण, शुल्क पावती क्र. 5071, दि. 19/03/2024.

महोदय,

वरील परवाना माझ्या नावे असून त्याची मुदत दि. 31/03/2025 रोजी संपत आहे. परवान्यावर नमूद दि. 01/03/2025 या तारखेपूर्वी मी हा नूतनीकरणाचा अर्ज सादर करीत आहे.

परवानाधारक, व्यवसायाची जागा व पीठ गिरणीची 7.5 एच.पी. मोटर यांत मूळ परवान्यापासून कोणताही बदल नाही. परवान्यातील घर क्र. 412 यास फेरआकारणीनंतर नवीन मालमत्ता क्रमांक मिळाला असून दोन्ही क्रमांक दर्शविणारा आकारणी उतारा सोबत जोडला आहे (अ.क्र. 3).

वीज बिलावरील मंजूर भार 7.1 किलोवॅट आहे. त्यात परवान्यात समाविष्ट नसलेल्या 2 एच.पी.च्या मसाला डंकाचा भार अंतर्भूत आहे. सदर यंत्र परवान्यात समाविष्ट करण्यासाठी आजच स्वतंत्र अर्ज केला असून मंजुरी मिळेपर्यंत त्याचा वापर बंद ठेवीत आहे. प्रस्तुत अर्ज फक्त 7.5 एच.पी. पीठ गिरणीच्या नूतनीकरणापुरता आहे.

तरी नियमानुसार शुल्क आकारून नूतनीकरण मिळावे, व काही त्रुटी आढळल्यास लेखी कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(अर्जदाराची सही, नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत :
1) मूळ परवाना व मागील बाजूचे शिक्के, छायाप्रत, 2 पाने (मूळ प्रत पडताळणीसाठी सोबत आणली आहे)
2) शुल्क पावती क्र. 5071, दि. 19/03/2024, छायाप्रत, 1 पान
3) मालमत्ता कर आकारणी उतारा, दि. 28/02/2025, मूळ, 1 पान
4) मालमत्ता कर भरल्याची सन 2024-25 ची पावती, छायाप्रत, 1 पान
5) वीज बिल, जानेवारी 2025, छायाप्रत, 1 पान
6) अर्जदाराचे ओळखपत्र, छायाप्रत, 1 पान
एकूण 6 कागदपत्रे, 7 पाने.

विषयाच्या ओळीतच परवाना क्रमांक घातला तो एवढ्यासाठी की आवक-जावक वहीत फक्त विषय उतरवला जातो. तिथे नुसतं "परवाना नूतनीकरणाबाबत" असेल, तर महिन्याभराने आपलाच अर्ज शोधताना आपणच हरवतो. मागच्या पावतीचा क्रमांक आणि तारीख देण्यालाही कारण आहे. परवान्याची नोंदवही आणि शुल्काची वही बहुतेक वेगवेगळ्या हातांत असतात. एकीत नोंद मिळाली नाही तर दुसरीतून मिळते.

"सर्व कागदपत्रे जोडली आहेत" हे वाक्य मी कधीच लिहित नाही. पानं सुटी होतात, फायलीतून गळतात, आणि मग कागद दिलाच नव्हता की दिलेला हरवला, हे ठरवायला काही आधार राहत नाही. पानांसकट यादी असली आणि त्याच यादीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का असला की तो वाद उभाच राहत नाही. त्याला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवेचा ठरलेला कालावधी मोजला जातो तो परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्ज त्या दिवशी परिपूर्ण होता, हे दाखवायला यादीखेरीज दुसरं काय असतं? त्याचबरोबर यादी फुगवूही नये. गुमास्ता आणि वजनकाट्याचं पडताळणी प्रमाणपत्र काकूंनी आणलं होतं, ते मी काढून ठेवलं. गुमास्त्यावर गिरणीचं नाव वेगळ्याच स्पेलिंगने होतं. न मागितलेला कागद जोडून चौथी शंका कशाला उभी करायची?

खिडकीत त्याच मॅडम होत्या. काकूंबरोबर मीही गेलो. मॅडमनी विषय वाचला, नोंदवही उघडली, 1184 वर बोट ठेवलं. मग वीज बिल उचललं, भुवया वर गेल्या. त्या काही विचारणार तेवढ्यात त्यांची नजर अर्जातल्या तिसऱ्या परिच्छेदावर गेली. तो त्यांनी दोनदा वाचला. "दुसरा अर्ज कुठाय?" काकूंनी पुढे केला. दोन्हींवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख, आणि आमच्या प्रतींवर पोच.

18 मार्चला परवाना निरीक्षक गिरणीत आले. मोटरीवरची पाटी वाचली, जागेचं माप घेतलं, डंकाची वायर काढून ठेवलेली पाहिली आणि तसं पाहणी अहवालात लिहिलं. शुल्काचं चलन 27 मार्चला निघालं, काकूंनी त्याच दिवशी भरलं. परवाना मात्र 31 मार्चपर्यंत आला नाही. 9 एप्रिलला दुसरं एक पथक त्या रस्त्यावरची दुकानं तपासत आलं आणि मुदत संपलेला परवाना पाहून गिरणी बंद करायला सांगू लागलं. काकूंनी 28 फेब्रुवारीची पोच आणि परवान्यामागची 1 मार्चची ओळ शेजारी शेजारी धरली. पथकातल्या साहेबांनी दोन्ही तारखा वाचल्या, पोचेचा फोटो घेतला आणि पुढच्या दुकानाकडे वळले. त्या दिवशी दळण थांबलं नाही.

नूतनीकरण 21 एप्रिलला मिळालं. डंकाला अधिक वेळ लागला. मागच्या दोन वर्षांच्या फरकाचं शुल्क आकारलं गेलं, आणि यंत्र परवान्यात आलं ते 16 मे रोजी. हंगामाचा मोठा भाग हातचा गेला. त्याची भरपाई कुठल्याच अर्जाने होणारी नव्हती, आणि मला त्याचं वाईट वाटलं. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मे महिन्याच्या शेवटी त्या नव्या परवान्याची झेरॉक्स काढायला आल्या. गुमास्त्याची फ्रेम मोकळी करून आणली होती, त्यात आता हा कागद जाणार होता. मी मागची बाजू पाहिली. पुढच्या नूतनीकरणाच्या अर्जासाठी 1 मार्च 2026 ही तारीख होती. कॅलेंडर पाहिलं तर तो रविवार. झेरॉक्सच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने लिहून दिलं: 27 फेब्रुवारी, शुक्रवार.